खाड्यांचा हिशेब : आपल्या सोसायटीचा एक न लिहिलेला इतिहास

स्मरणिका समितीनं मला इतिहासावर लिहायला सांगितलं. भूमिपूजन, नोंदणी, बोअरचं पाणी, लिफ्टची भांडणं हे सगळं इतरांनी लिहिलंच आहे. पंचवीस वर्षांत आपल्या घराघरांत सर्वांत जास्त वेळा निघालेला विषय मात्र कुठल्याच इतिवृत्तात सापडत नाही. तो म्हणजे, ‘आज मावशी आल्या का?’ आणि महिन्याच्या एक तारखेला त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न, ‘किती कापायचे?’ मी त्याच्यावरच लिहायचं ठरवलं.

माझं माहेर साताऱ्याचं, यादोगोपाळ पेठेतलं. साठच्या दशकात आमच्या वाड्यात भांडी-धुण्याला बाई येत, पण खाडा मोजल्याचं मला आठवत नाही. पगार थोडा, बाकीचं सगळं वस्तूंत. सकाळचा चहा, उरलेली भाजी-भाकरी, सुगीला पायलीभर जोंधळे, दिवाळीला लुगडं. बाईंना बरं नसलं की त्यांची दहा-बारा वर्षांची पोर परकर खोचून भांड्यांना बसायची. काम बंद पडत नसे, म्हणून तक्रारही नसे. जुन्या बलुत्याची ही शहरातली सावलीच होती. माणूस कामाला नव्हे, घराला बांधलेलं. ‘तेव्हा बायका किती निष्ठेनं यायच्या’ असं कुणी म्हणालं की मला ती पोर आठवते. तिची शाळा कुणी मोजली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला केंद्र सरकारनं बंदी घातली ती 10 ऑक्टोबर 2006 पासून, म्हणजे आपली सोसायटी उभी राहिल्यानंतर. आईऐवजी लेक ही ‘बदली’ तेव्हापासून कागदावर तरी बंद झाली.

खाडा मोजायला कधी लागलो? माझ्या मते 1972 च्या दुष्काळानंतर. माण, खटाव, आटपाडी, जत इकडच्या कितीतरी बायका तेव्हा पहिल्यांदा दुष्काळी कामावर गेल्या. खडी फोडली, बंडिंग केलं. मुकादमाच्या मस्टरवर हजेरी लागली आणि हजेरीवर पैसे मिळाले. (ज्या रोजगार हमीचं पुढे देशभर नाव झालं, तिचे जनक वि. स. पागे आपल्याच सांगली जिल्ह्यातले.) त्यातली अनेक घरं पुण्या-मुंबईला गेली, काही सातारा-सांगलीत आली, आणि बायकांनी घरकाम धरलं. मस्टर पाहिलेल्या बाईला हजेरीचा अर्थ कुणी शिकवायला लागत नव्हता. आपल्या बाजूला 1973 साली कालनिर्णय आलं आणि तारखांच्या चौकटीत दुधाचे लिटर आणि बाईचे खाडे एकाच पेन्सिलीनं लिहिले जाऊ लागले. एक गोष्ट मात्र त्या चौकटीत कधी आली नाही. मस्टरवर कामाचे दिवस मांडतात, आपण न आलेले दिवस मांडत होतो. आणि पेन्सिल एकाच्याच हातात होती.

या हिशेबाला पहिलं मोठं आव्हान दिलं ते पुण्यातल्या बायकांनी, 1980 साली. आजारपणात रजा झाली म्हणून एका बाईला कामावरून काढलं, आणि आसपासच्या मोलकरणींनी काम थांबवलं. आधी संघटना आणि मग संप असं ते झालं नाही. संप आधी झाला, तो एका वस्तीतून दुसरीकडे पसरला, आणि मग लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या पगारवाढीच्या होत्याच, पण भरपगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस याही होत्या. मला यातली सुट्टीची मागणी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पगार महिन्याचा ठरवायचा आणि कापायचा रोजानं, या दुटप्पी व्यवहारावर तिनं बोट ठेवलं. महिन्याचा पगार असेल तर महिन्याच्या सुट्ट्याही त्यातच आल्या पाहिजेत, मग नोकरी बँकेतली असो की मोरीतली.

कायद्यानं हे काम आजही आपल्यासाठी करून ठेवलेलं नाही. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम 2008 चा. अठरा ते साठ वयाच्या बाईची नोंदणी होते, तिला लाभ मिळतात. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत बायकांना दहा हजार रुपये सन्मानधन दिलं गेलं. पण किती पगार, किती रजा, खाड्याला किती कापायचं यावर तो कायदा गप्प आहे. नोंदणीला घरमालकाचा दाखला लागतो, आणि तो देताना आपल्यातलेच काही जण ‘उद्या कोर्टात जाईल’ म्हणून घाबरले होते. काम करते एवढंच लिहून द्यायचं असतं. त्यात भ्यायचं काय होतं, मला समजलेलं नाही.

मग आपल्या सोसायटीत हे ठरलं कसं? एका भांडणातून. साधारण बारा वर्षांपूर्वी बी विंगमधल्या एका वहिनींकडे मावशींचा भांडी आणि फरशी मिळून पगार होता पंधराशे. एका महिन्यात सहा खाडे झाले. दोन खरसुंडीच्या यात्रेचे, आधी सांगून. तीन लागोपाठ, नातू तापानं फणफणला म्हणून. आणि एक बिननिरोपाचा. वहिनींनी पंधराशेला तीसनं भागलं, रोज पन्नास, सहा दिवसांचे तीनशे कापले. मावशींनी पैसे तसेच ओट्यावर ठेवले. ‘वहिनी, आदल्या दिवसाची भांडी दुसऱ्या दिवशी मीच घासली न्हवं? मग कापलं कशाचं?’ आवाज जिन्यापर्यंत आला आणि त्या दोघीही माझ्या घरी येऊन बसल्या.

त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट होती जी आपल्यापैकी कुणी कधी विचारात घेतली नव्हती. खाड्याच्या दिवशी फरशी पुसायची राहिली तर ती राहिलीच. उद्या दोनदा पुसून घेत नाही. पण भांडी वाट बघत बसतात. दुसऱ्या दिवशी बाई दोन दिवसांचा ढीग घासते. तिथे पैसे कापले तर काम करून घेऊन वर दंड केल्यासारखं होतं.

आम्ही कागद घेऊन बसलो. पंधराशेतले भांड्यांचे नऊशे आणि फरशीचे सहाशे, म्हणजे रोजचे तीस आणि वीस. यात्रेचे दोन दिवस ही महिन्याची हक्काची सुट्टी धरली. उरले चार. फरशीचे चारही दिवस बुडाले, त्याचे ऐंशी. भांड्यांत बिननिरोपाच्या खाड्याचा ढीग त्यांनी दुसऱ्या दिवशी घासला होता, तिथे शून्य. आजारपणाच्या तीन दिवसांतली पहिल्या दोन दिवसांची भांडी वहिनींनी स्वतः घासली, शेवटच्या दिवसाची मावशींनी. म्हणजे दोन दिवसांचे साठ. एकूण कापायचे एकशे चाळीस, हातात तेराशे साठ. तीनशेही चूक होते आणि शून्यही. दोघींना ते पटलं, कारण दोघींच्या देखत बेरीज झाली होती.

पण असा कीस दर महिन्याला कोण काढणार? म्हणून महिला मंडळात चर्चा होऊन सोपा नियम निघाला. दोन दिवस भरपगारी. त्यापुढच्या खाड्याला रोजाचा निम्मा पैसा. वरच्याच उदाहरणात चार दिवसांचे शंभर होतात, म्हणजे कीस काढलेल्या आकड्यापेक्षा थोडं मावशींच्या बाजूला झुकतं. ते झुकू द्यावं असं माझं मत पडलं. खाड्याच्या दिवशी तिच्याही घरात काहीतरी मोडलेलं असतं. न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे दिवाळीला बोनससोबत द्यायचे, हे पुढच्या वर्षी घातलं, आणि गंमत म्हणजे किरकोळ खाडे त्यानंतरच कमी झाले. स्वयंपाकाच्या ताईंना हा नियम लागू पडत नाही. कालची पोळी आज लाटता येत नाही, त्यांचं ज्यानं त्यानं वेगळं ठरवलं.

आणखी दोन गोष्टी त्याच बैठकीत ठरल्या. आपण गावाला गेलो तर तो खाडा नाही, पगार पूर्ण. तिनं ती वेळ आपल्यासाठी राखून ठेवलेली असते. आणि उचल दिली असेल तर ती एका पगारात वळती करायची नाही, महिन्याला पाव पगारापेक्षा जास्त नाही. पगार अर्ध्यावर आला की ती बाई दुसऱ्या घरून उचल घेते, मग तिथलं फेडायला तिसरीकडे जास्तीचं काम धरते, आणि आपल्याकडे खाडे सुरू होतात. ही साखळी मी तीन-चार घरांत पाहिली आहे. हिशेबाची छोटी वही दोन्हीकडे असावी असंही ठरलं. मावशींना वाचता येत नव्हतं, त्यांची नात लिहायची, आणि तिची वही आमच्यापेक्षा नेटकी असायची.

खाडा कशाचा हे ओळखायची एक खूण सांगते. शेजारी विचारा. बाई सगळ्याच घरी आली नसेल तर आजारपण, मयत, नाहीतर घरातली मारहाण. अशा वेळी पगाराचं बोलणं पुढे ढकलावं. फक्त आपल्याकडेच आली नसेल तर तिचं आपल्याशी काहीतरी बिनसलंय, किंवा दुसरीकडे जास्त पैसे मिळालेत. तेव्हा मात्र स्पष्ट विचारावं. आणि तासगाव भागात बेदाण्याचा हंगाम चालू असला की निवडायला शेडवर रोजानं बायका लागतात, तिथला रोज आपल्या महिन्याच्या पगाराला सहज मागे टाकतो. दोन महिने ती तिकडे जाणार, हे गृहीत धरून तिनंच बदली द्यावी आणि बदलीचे पैसे थेट बदलीच्या हातात द्यावेत, असं चालत आलंय. मध्ये कुणी ठेवलं की भांडण ठरलेलं.

दोनदा हा नियम बाजूला ठेवावा लागला. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. आपल्याकडे वीज-पाण्याचे हाल झाले, पण ज्या वस्त्यांतून मावशी येतात तिथे घरंच पाण्याखाली होती. तेव्हा कुणी खाडे मांडले नाहीत. बहुतेकांनी पूर्ण पगार दिला, काहींनी गाद्या आणि भांडी. मार्च 2020 ची टाळेबंदी जास्त लांबली. एप्रिलचा पगार जवळपास सगळ्यांनी दिला, मे महिन्यात निम्म्यांनी, जूनमध्ये आणखी थोड्यांनी. काही घरांत स्वतःचेच पगार थांबले होते, तेही खरं. गेट उघडलं तेव्हा ज्या घरांनी काहीच दिलं नव्हतं तिथे जुन्या बाई परत आल्या नाहीत.

सध्या वाद आहे तो नव्याच प्रश्नावर. आपल्यातले बरेच आजी-आजोबा मुलांकडे चार-सहा महिने परदेशी जातात. ‘गावाला गेलो तर पगार पूर्ण’ हा नियम आठ दिवसांसाठी केला होता, सहा महिन्यांसाठी नव्हे. गेल्या वर्षी तीन घरांनी पहिला महिना पूर्ण आणि पुढे निम्मा पगार देऊन बाई राखली. आठवड्यातून एकदा घर उघडून झाडणं आणि कुंड्यांना पाणी घालणं एवढं काम ठेवलं. मावशींचं म्हणणं निम्म्याऐवजी दोन तृतीयांश हवा, कारण ती वेळ त्यांना दुसऱ्या कुणाला देता येत नाही. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय आहे, आणि या वेळी मावशींनाही बोलावलंय.