शिरोवेष्टन-विलोपन

छायाचित्रातील व्यक्तीची टोपी, फेटा वा शिरस्त्राण काढून त्याखालील कपाळ व केस अनुमानाने रेखाटण्याची संस्करणक्रिया (पहा : छायाचित्रण; व्यक्तिचित्रण).

फिल्मच्या ऋणप्रतींवर पेन्सिलीने व कुंचल्याने होणाऱ्या हस्तसंस्करणाचेच हे संगणकीय रूप होय. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वृद्ध शेतकऱ्यांच्या नित्य पेहरावातील पांढरी गांधी टोपी काढणे हे त्याचे ठळक उदाहरण. ही टोपी कवटीच्या वर उभी राहत असल्यामुळे, तिच्या बाह्यरेषेपर्यंत केस भरल्यास मस्तक अवास्तव उंच दिसते. म्हणून नासिकातळ ते भिवई हे अंतर ३० मिमी. असेल, तर केशरेषा भिवईच्या वर साधारण तितकीच, आणि हनुवटी ते डोळे ५२ मिमी. असल्यास माथा डोळ्यांच्या वर सुमारे तेवढाच धरून उरलेल्या जागी पार्श्वभूमी भरतात. टोपीखालची त्वचा उन्हापासून झाकलेली, अतएव फिकी असते. गालाचा रापलेला वर्ण जसाच्या तसा कपाळावर चढविल्यास, किंवा टोपीच्या काठाची छाया तशीच राहिल्यास, कृत्रिमता तत्काळ उघड होते.

कानशिलावरील केसांवरून रंग व पोत कळतो. टक्कल मात्र कळत नाही, त्यासाठी उघड्या डोक्याचे जुने छायाचित्र लागते. ते नसल्यास हे चित्र केवळ संभाव्य असून ओळखीचा पुरावा म्हणून अग्राह्य ठरते (पहा : न्यायसाहाय्यक विज्ञान).