असर २०२४ : जाडजूड अहवालातलं कामाचं तेवढं

‘प्रथम’ संस्थेचा ‘असर २०२४’ अहवाल देशातल्या ग्रामीण जिल्ह्यांचा आहे. पानं भरपूर, पण गटशिक्षणाधिकारी अन् केंद्रप्रमुखांनी एवढं तरी वाचावं.

तपासणी शाळेत नाही, घरी होते. एकेका मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा आणि दुसरीची गोष्ट वाचायला देतात. सरकारी शाळांत तिसरीच्या शंभरात दुसरीचं वाचणारी मुलं २०१८ मध्ये २१ होती. कोरोनानंतर, २०२२ मध्ये १६ झाली, २०२४ मध्ये २३ वर आली. सुधारणा खरी, पण पाऊणशेहून जास्त पोरं अजून अडलेलीच.

करायचं काय? हीच तपासणी घेऊन इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट पाडायचे, रोज एक तास द्यायचा. हरियाणात २०१२-१३ साली असं केलं, वरचे अधिकारी वर्गात जाऊन बसले, तेव्हा वाचन सुधारलं. उत्तराखंडात शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण अन् साहित्य दिलं, तिथं फरक पडला नाही.

एक ध्यानात ठेवा: असरमध्ये जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं घेतात. तो आकडा जिल्ह्याचा. त्यावरून एखाद्या गावच्या मास्तरांना जाब विचारता येत नाही.