चष्म्याच्या कागदावरचे तीन आकडे आणि दोन माणसांचे डोळे

आजच्या व्याख्यानाला एक छोटा कागद हाताशी ठेवा. पहिल्यांदाच चष्मा लागलेल्या माणसाला डोळे तपासून झाल्यावर जो मिळतो, तो. उजवा डोळा, डावा डोळा अशा दोन ओळी आणि त्यापुढे तीन रकाने : स्फिअर, सिलिंडर, ॲक्सिस. समजा, एका ओळीत -1.00, -0.75 आणि 170 असं लिहिलंय. बहुतेक जण पहिला आकडा वाचतात, ‘माझा नंबर एक’ म्हणून सांगतात आणि कागद घडी करून खिशात टाकतात. तिसरा आकडा तर 170! एवढा मोठा नंबर पाहून काही जण घाबरतातही. घाबरायचं काही कारण नाही. तो नंबर नाहीच, ती दिशा आहे. पण ती दिशा कागदावर यायला माणसाला फार वेळ लागला.

सुरुवात पहिल्या रकान्यापासून करू. स्फिअर म्हणजे गोल. चेंडूच्या पृष्ठभागासारखी, सगळ्या बाजूंनी सारखी वळलेली काच. ही सगळ्यांत जुनी. चष्मे तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत आले, ते उतारवयात जवळचं वाचण्यासाठी, फुगीर काचेचे. दूरचं न दिसणाऱ्यांसाठी खोलगट काच नंतर आली. शतकानुशतकं काचेची ताकद इंचांत सांगितली जाई, म्हणजे काच प्रकाश किती इंचांवर एकवटते यावरून. त्यात एक घोळ होता : 5 इंचांची काच 10 इंचांच्या काचेपेक्षा जोरदार. आकडा मोठा, ताकद कमी. शिवाय एका देशाचा इंच दुसऱ्या देशाच्या इंचाएवढा नसे.

1872 मध्ये फर्डिनांड मोनोयर या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने सुचवलं की ताकद मीटरच्या व्यस्तात मोजावी आणि त्या एककाला डायॉप्टर म्हणावं. आपण ज्याला ‘नंबर’ म्हणतो तो हाच. तो समजून घेणं सोपं आहे. नंबर -2.00 असेल तर 1 भागिले 2, म्हणजे अर्धा मीटर. त्या माणसाला चष्म्याशिवाय सुमारे अर्ध्या मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, पुढचं पुसट. -4.00 असेल तर पाव मीटर. उणे चिन्ह म्हणजे दूरचं पुसट, खोलगट काच. अधिक चिन्ह म्हणजे फुगीर काच. पहिला रकाना एवढाच.

आता दुसरा रकाना. इथे आपली पहिली व्यक्ती येते : टॉमस यंग. प्रकाश लाटांसारखा वागतो हे दाखवून देणारा इंग्रज वैद्य. डोळा जवळ-दूर कसा जुळवून घेतो याचा अभ्यास करताना त्याने स्वतःचाच डोळा मोजला आणि 1801 मध्ये तो निबंध छापून आला. त्याला आढळलं की त्याच्या डोळ्याला एक ‘स्पष्ट अंतर’ नाही, दोन आहेत. उभ्या दिशेत पसरणारे किरण 10 इंचांवरून आले तर पडद्यावर नीट एकवटतात, आडव्या दिशेत पसरणारे 7 इंचांवरून आले तर. सोप्या भाषेत, आडवी रेघ 10 इंचांवर ठसठशीत आणि उभी रेघ 7 इंचांवर. दोन्ही एकदम कधीच नाहीत.

हे का होतं? चेंडू एका बाजूने किंचित दाबला तर तो सगळीकडे सारखा गोल राहत नाही, एका दिशेत जास्त वळलेला असतो. बहुतेकांच्या बाबतीत ही असमानता डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात असते. यंगने डोळा पाण्यात बुडवून पाहिला, म्हणजे कॉर्नियाचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. तरीही दोष उरला. म्हणून त्याने ठरवलं की आपल्यात तो आतल्या भिंगात आहे.

आता यंगच्या मापांवरून आजचा कागद लिहून पाहू. 10 इंच म्हणजे 25.4 सेंटिमीटर, ताकद सुमारे 3.94. 7 इंच म्हणजे 17.8 सेंटिमीटर, ताकद सुमारे 5.62. म्हणजे उभ्या दिशेत त्याला उणे 3.94 हवं आणि आडव्या दिशेत उणे 5.62. दोन्हींतला फरक सुमारे 1.7. चष्म्याचे नंबर पाव-पावने वाढतात, म्हणून जवळचे आकडे घेऊ. स्फिअर -4.00 : हे सगळ्या दिशांना सारखं. सिलिंडर -1.75 : हे फक्त आडव्या दिशेत जास्तीचं. (काच डोळ्यापासून थोडी पुढे असते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे किंचित वाढतील. ते आज बाजूला ठेवू.)

म्हणजे सिलिंडर हा वेगळा आजार नाही आणि ‘दुसरा नंबर’ही नाही. डोळ्याच्या दोन दिशांमधला फरक आहे तो. रकाना रिकामा असेल किंवा तिथे शून्य असेल, तर फरक नाही, आणि मग तिसरा रकानाही रिकामाच राहतो.

यंगने दोष शोधला, पण त्यावर काच बनवली नाही. त्याची फारशी अडचणही होत नव्हती. केरी नावाच्या चष्मे बनवणाऱ्याने त्याला सांगितलं होतं की अनेक गिऱ्हाइकं खोलगट काच तिरकी धरली की नीट दिसतं म्हणतात. काच तिरकी केली की ती एका दिशेत जास्त ताकदीची होते. म्हणजे लोक नकळत स्वतःचं सिलिंडर हातानेच तयार करत होते!

ज्या वर्षी यंगचा निबंध छापला गेला, त्याच वर्षी आपली दुसरी व्यक्ती जन्मली : जॉर्ज एअरी. पुढे ग्रीनिचच्या वेधशाळेचा प्रमुख झाला तोच. केंब्रिजमध्ये असताना त्याच्या लक्षात आलं की आपण वाचताना डावा डोळा वापरतच नाही, सगळं काम उजवाच करतो. खगोल हा त्याचा विषय, डोळा हे हत्यार, आणि दोनपैकी एक निकामी.

त्याने एका कार्डाला सुईने भोक पाडलं, त्यामागे उजेड ठेवला आणि डाव्या डोळ्याने पाहत ते कार्ड पुढे-मागे केलं. ठिपका ठिपक्यासारखा कुठेच दिसेना. 6 इंचांवर तो एक रेघ झाला, साडेतीन इंचांवर तिच्याशी काटकोनात दुसरी रेघ. आणि या रेघा सरळ उभ्या-आडव्या नव्हत्या, सुमारे 35 अंशांनी कललेल्या होत्या. मघाचीच पद्धत लावली तर 6 इंचांची ताकद साधारण 6.56, साडेतीन इंचांची 11.25. फरक 4.7 च्या आसपास. एवढा सिलिंडर आजही मोठा मानला जातो.

एअरीने विचार केला : दोष जर एका दिशेचा असेल, तर काचही एका दिशेची हवी. एक बाजू चेंडूसारखी खोलगट आणि दुसरी बाजू नळीच्या आतल्या भागासारखी, एका दिशेत वळलेली आणि दुसऱ्या दिशेत सपाट. सिलिंडर हे नाव त्यामुळेच. काही कारागिरांकडे प्रयत्न फसले. शेवटी इप्स्विचच्या फुलर नावाच्या कारागिराने ती बनवून दिली. 1825 मध्ये एअरीने केंब्रिजच्या तत्त्वज्ञान सभेपुढे याचा वृत्तांत वाचला. ज्या डोळ्याने वाचता येत नव्हतं, त्याने आता वाचता येऊ लागलं. या दोषाचं ॲस्टिग्मॅटिझम हे नाव त्याचा सहकारी विल्यम ह्यूएल याने सुचवलं. ग्रीक भाषेत अर्थ, ‘बिंदू न होणं’. ठिपक्याची रेघ होणं, हेच ते.

तरीही ही काच दुकानांत आली नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं ती विद्वानांची नवलाई राहिली. 1860च्या दशकात नेदरलँड्समधल्या फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी दाखवून दिलं की हा दोष विरळा नाही, सर्रास आढळतो, आणि तो मोजून सिलिंडर देता येतो. म्हणजे मधल्या काळात कितीतरी लोकांना गोल काचच मिळत राहिली आणि ‘चष्म्यानेही नीट दिसत नाही’ हे त्यांनी नशिबावर घातलं असणार.

आता एअरीच्या काचेकडे परत वळू, कारण तिसरा रकाना तिथेच दडलाय. त्याच्या रेघा 35 अंश कललेल्या होत्या. नळीसारखी काच सरळ बसवली असती तर चूक दिशेला ताकद गेली असती. म्हणून ती कोणत्या कोनात बसवायची हे सांगावंच लागतं. तोच ॲक्सिस. नळीचा लांबीचा अक्ष ज्या दिशेत, तो कोन. त्या दिशेत सिलिंडरची ताकद शून्य असते आणि तिच्या काटकोनात पूर्ण. यंगला जास्तीची ताकद आडवी हवी होती, म्हणून त्याचा अक्ष उभा, 90. त्याचा पूर्ण कागद : -4.00, -1.75, 90.

कोन कुठून मोजायचा यावर बरीच वर्षं एकवाक्यता नव्हती. कुणी नाकाकडून मोजे, कुणी कानाकडून. 1917 मध्ये जर्मनीतल्या चष्म्यांच्या तांत्रिक समितीने ठरवलेली रीत आज जगभर चालते. तपासणारा तुमच्यासमोर बसलाय. त्याच्या उजव्या हाताला शून्य, तिथून वर घड्याळाच्या उलट दिशेने 180 पर्यंत. दोन्ही डोळ्यांना एकच रीत. आपला शाळेतला अर्धगोल कोनमापकच. 180 म्हणजे आडवा, 90 म्हणजे उभा, आणि आपल्या सुरुवातीच्या कागदावरचा 170 म्हणजे आडव्यापासून फक्त दहा अंश कललेला. अंशाचं छोटं वर्तुळ मुद्दाम लिहीत नाहीत. 17 पुढचं वर्तुळ शून्यासारखं वाचलं तर 170 होईल.

हा कोन चुकला तर काय होतं? कोन 5 अंश चुकला की सिलिंडरचा साधारण सहावा हिस्सा दोष म्हणून परत उरतो. 30 अंश चुकला तर जेवढा सिलिंडर तेवढाच दोष नव्या दिशेत उरतो, म्हणजे सिलिंडर घालून फायदा काहीच नाही. आता -0.75 ला 5 अंशांची चूक जेमतेम 0.13 डायॉप्टर भरते आणि ती जाणवणारही नाही. एअरीच्या 4.7 ला तीच चूक सुमारे 0.8 भरते, आणि अक्षरं पुसट होतात. म्हणून मोठा सिलिंडर असणाऱ्याने फ्रेम वाकडी झाली तर चालवून घेऊ नये.

घरी एक गंमत करून पाहा. चष्मा हातभर पुढे धरा, एका काचेतून दाराची उभी चौकट पाहा आणि चष्मा सावकाश गोल फिरवा. चौकट काचेत तिरकी होऊन डुलली तर त्या काचेत सिलिंडर आहे. सरळच राहिली तर काच निव्वळ गोल आहे.

शेवटी एक नेहमीची भीती. दोन ठिकाणी तपासलं आणि कागद वेगळे निघाले : एकावर -4.00, -1.75, 90 आणि दुसऱ्यावर -5.75, +1.75, 180. कुणीतरी चुकलं का? नाही. स्फिअर आणि सिलिंडर यांची बेरीज करा, सिलिंडरचं चिन्ह उलटा, अक्ष 90 ने फिरवा; पहिला कागद दुसरा होतो. काच एकच, लिहायच्या रीती दोन. बेरीज जुळली नाही, तर मात्र विचारायला जा.

आणि नव्या चष्म्यात जमीन कललेली वाटली, तर ती सिलिंडरचीच करामत आहे. तो एका दिशेत चित्र थोडं ताणतो किंवा आकसतो. डोळे साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत सरावतात. तोवरही डोकं दुखत राहिलं किंवा एका डोळ्याने पुसटच दिसलं, तर दुकानात जाऊन काच यंत्रावर ठेवायला सांगा आणि तिचा ॲक्सिस कागदावरच्या तिसऱ्या आकड्याशी ताडून पाहा. काच जुळली आणि त्रास उरलाच, तर डोळेच पुन्हा तपासून घ्या.

कागद घडी करून टाकू नका, मंडळी. पुढच्या वेळी तपासायला जाताना तो सोबत न्या. भेटू पुढच्या व्याख्यानात.