पोटशूळाचें घड्याळ

पोटांत जळजळून दुखणारीं माणसें दोन तऱ्हांचीं आढळतात. एकाला ताट पुढें आलें कीं बरें वाटतें. चार घास पोटांत गेले कीं त्याचा शूळ निवतो. दुसऱ्याला त्याच ताटाची धास्ती वाटते, कारण हात धुऊन तो उठतो न उठतो तोंच त्याच्या पोटांत आग पडूं लागते. अन्न तेंच आणि दुखण्याची जागाही बहुधा तीच, म्हणजे छातीच्या पिंजऱ्याखालीं मधोमध. पण परिणाम अगदीं उलट. या विरोधाचा उलगडा करण्यांत वैद्यकाची सुमारें दीडशें वर्षें गेलीं, आणि तो उलगडा झाल्यावर पुन्हां त्याचा कांहीं भाग सोडूनही द्यावा लागला.

दुखण्याची वेळ विचारावी हा विचार आपल्याकडे जुना आहे. माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ साधारण सातव्या-आठव्या शतकांतला. त्यांत शूळाचे जे प्रकार दिले आहेत त्यांत अन्न पचतांना उठणाऱ्या शूळाला ‘परिणामशूल’ म्हटलें आहे; आणि अन्न पचो, न पचो, माणूस जेवो किंवा उपाशी राहो, जो शूळ हटत नाहीं व ओकारी झाली म्हणजेच निवतो, त्याला ‘अन्नद्रव’ असें वेगळें नांव आहे. या नांवांवर आजच्या रोगांची नांवें चिकटविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरलेला बरा. कारण पोट उघडून आंत काय झालें आहे हें पाहण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. मात्र रोग्याला ‘कोठें दुखतें?’ या प्रश्नापेक्षां ‘जेवणानंतर केव्हां दुखतें?’ हा प्रश्न विचारणें अधिक उपयोगाचें, हें त्या वैद्यांनीं ओळखलें होतें एवढें खरें.

युरोपांत या प्रश्नाला मृतदेहांच्या तपासणीची जोड मिळाली. एडिंबरो येथील डॉक्टर जॉन ॲबरक्रॉम्बी यानें १८२८ सालीं पोटाच्या विकारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जठराला लागून लहान आंतड्याचा जो आरंभींचा वीतभर भाग असतो, त्याला ड्युओडेनम म्हणतात. या भागाच्या विकाराविषयीं ॲबरक्रॉम्बीनें एक मार्मिक गोष्ट नोंदविली. असा रोगी रुचीनें जेवतो, जेवण झाल्यावर त्याला कांहीं त्रास होत नाहीं; त्रास सुरू होतो तो दोन ते चार तासांनीं, म्हणजे अन्न जठर सोडून पुढें जाऊं लागतें त्या सुमारास. यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्समध्यें क्रूव्हेल्ये यानें जठराच्या आंतल्या व्रणाचें तपशीलवार वर्णन केलें आणि तो कर्करोगाहून निराळा असल्याचें दाखविलें. म्हणजे व्रण दोन जागीं होतात, जठरांत आणि त्याच्या दाराबाहेर, हें ठाऊक झालें. तथापि दाराबाहेरचा व्रण ही क्वचित् आढळणारी वस्तु आहे अशी समजूत पुढें पाऊणशें वर्षें टिकली, आणि असंख्य रोग्यांच्या माथीं ‘आम्लाचें अजीर्ण’ किंवा ‘मनाची दुर्बलता’ असे शिक्के बसत राहिले.

ती समजूत मोडली इंग्लंडांतील लीड्स शहराच्या बर्कली मॉयनिहन या शस्त्रवैद्यानें. प्रेत तपासणाऱ्याला रोगाचा शेवट दिसतो. जिवंत माणसाचें पोट उघडणाऱ्याला तो रोग चालू असतांना दिसतो आणि रोग्याची हकीकतही ताजी असते. मॉयनिहननें या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या. ज्यांना भूक लागण्याच्या वेळीं दुखतें आणि खाल्ल्यानें थांबतें, त्यांच्या ड्युओडेनममध्यें त्याला वारंवार व्रण सांपडूं लागला. १९१० सालीं त्याचें या विषयावरील पुस्तक निघालें. वरचेवर उलटणारें तीव्र ‘आम्लाचें अजीर्ण’ म्हणजे दुसरें कांहीं नसून हा व्रणच होय, असें त्यानें ठामपणें सांगितलें. ‘भुकेची कळ’ हा शब्द त्यानेंच रूढ केला.

या रोग्याचा एक दिवस डोळ्यांपुढें आणला म्हणजे गोष्ट स्पष्ट होईल. समजा, एक चाळिशींतला गृहस्थ दुपारीं एक वाजतां जेवला. दोन वाजतां तो सुखांत आहे. साडेतीनच्या सुमारास पोटाच्या वरच्या भागांत पोखरल्यासारखें, जळल्यासारखें दुखूं लागतें. जागा विचारली तर तो एका बोटानें दाखवितो. चहाबरोबर दोन बिस्किटें खाल्लीं कीं पांच-दहा मिनिटांत सारें शांत. रात्रीं आठ वाजतां जेवण होतें, झोंपही लागते. पण एक-दोनच्या सुमारास कळ त्याला जागें करते आणि तो उशाशीं ठेवलेलें दूध पितो. सकाळीं मात्र, पोट रिकामें असूनही, तो बहुधा ठीक असतो. हा क्रम तीन-चार आठवडे चालतो आणि मग कांहीं औषध न घेतांही महिनेच्या महिने नाहींसा होतो. म्हणून शेवटीं ज्यानें जो अंगारा किंवा जें चूर्ण दिलें असेल त्याला यश मिळतें.

जठरांतल्या व्रणाचा क्रम वेगळा. तेथें जेवणानंतर थोडा वेळ बरा जातो आणि अर्ध्या-पाऊण तासांत दुखूं लागतें. जठर रिकामें झालें कीं दुखणें ओसरतें. असा रोगी हळूहळू जेवण टाळूं लागतो व वाळतो. ड्युओडेनमचा रोगी उलट सारखा कांहीं ना कांहीं तोंडांत टाकीत असल्यामुळें अंगानें भरतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे दोन ताल तोंडपाठ करावे लागत.

असें कां होतें, याचें उत्तर आम्लांत आहे. जठरांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें हें विल्यम प्राउट यानें १८२० च्या दशकांतच दाखविलें होतें; आणि शिकागोच्या वॉल्टर पामर या डॉक्टरानें पुढें १९२० च्या दशकांत व्रणाच्या रोग्यांच्या जठरांत नळीनें पातळ आम्ल सोडून पुष्कळांना त्यांची नेहमींची कळ उठते हें पाहिलें. आम्ल काढून घेतलें अथवा सोड्यानें मारलें कीं कळ थांबे. आतां अन्नाचे काम दुहेरी आहे हें ध्यानांत घ्यावें. दूध, डाळ, भात, भाकरी जठरांत पडली कीं त्यांतले पदार्थ, विशेषतः प्रथिनें, आधीं जमलेलें आम्ल शोषून घेतात. पण तेंच अन्न जठराला नवें आम्ल गाळण्याची आज्ञाही देतें. पहिला तास-दीड तास शोषणाचा जोर असतो, म्हणून दाराबाहेर जातें तें सौम्य असतें आणि तेथील व्रण निवांत राहतो. पुढें अन्न सरतें, आम्ल मात्र गळतच राहतें, आणि तें उघडें आम्ल दार ओलांडून व्रणावर पडतें. मध्यरात्रीच्या सुमारास जठर रिकामें असतांनाही आम्लाचा झरा वाढतो, सकाळीं तो मंदावतो. त्या गृहस्थाच्या रात्रीच्या जागरणाचें आणि सकाळच्या स्वास्थ्याचें कारण हेंच. जठरांतला व्रण ज्या पिशवींत अन्न घुसळलें जातें व आम्ल गळतें तिच्याच भिंतींत असतो. तिथें जेवणाचा ताण आणि नवें आम्ल त्याला लगेच भोंवतें.

अन्नानें उतार पडतो म्हटल्यावर अन्नाचेंच औषध करावें, हा विचार ओघानें आला. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यानें १९१५ सालीं तासा-तासाला दूध व साय आणि मधून मधून अल्क देण्याचा क्रम घालून दिला, व तो जगभर दोन पिढ्या पाळला गेला. त्यांतली चूक १९७० च्या दशकांत मापानें सिद्ध झाली. दूध घटकाभर आम्ल शोषतें, पण त्यांतल्या प्रथिनांनीं आणि चुन्यानें पुढें आम्लाचा स्रावही वाढतो. दुधानें रोग्याला लागलीच बरें वाटे, म्हणूनच ही चूक इतकीं वर्षें लपून राहिली.

हिंदुस्थानांत या रोगाचें मोठें क्षेत्र दक्षिणेस होतें. एव्हरेस्टच्या १९२२ व १९२४ सालच्या मोहिमांत भाग घेतलेला हॉवर्ड सॉमर्व्हेल हा शस्त्रवैद्य त्रावणकोरांतील नेय्यूर गांवच्या मिशन इस्पितळांत राहिला. तेथें भात आणि टॅपिओकाचा कंद यांवर राहणाऱ्या गरीब लोकांत, विशेषतः पुरुषांत, त्याला ड्युओडेनमचे व्रण अतोनात आढळले. जठरांतले त्यामानानें थोडे. पुष्कळ रोगी अनेक वर्षांचें दुखणें घेऊन येत आणि तोंपर्यंत व्रण भरतांना आवळून दार अरुंद झालेलें असे. येथें घड्याळ बिघडतें. ज्याला जन्मभर अन्नानें बरें वाटलें, त्यालाच आतां अन्न नकोसें होतें. पोट फुगतें, संध्याकाळीं ओकारी होते आणि तींत आदल्या दिवशींचें अन्न दिसतें. ओकारीनेंच उतार पडतो. ताल बदलला म्हणून रोग बदलला असें नव्हे. जुनाच रोग पुढच्या पायरीवर गेलेला असतो. कळ पाठींत जाऊन सतत राहूं लागली, तर व्रण भिंत भेदून मागच्या इंद्रियांत शिरल्याचा संशय घ्यावा लागतो. आणि एकाएकीं असह्य कळ येऊन पोट फळीसारखें ताठ झालें, तर तो फुटला असें समजून तासाचाही विलंब न करतां शस्त्रवैद्याकडे जावें लागतें.

१९५७ सालीं बेसिल हिर्शोविट्स यानें वाकणाऱ्या कांचतंतूंची दुर्बीण जठरांत उतरविली आणि पोट न उघडतां व्रण पाहतां येऊं लागला. तेव्हां मॉयनिहनचा ठामपणा थोडा उतरला. अन्नानें बरें वाटणाऱ्यांतल्या कित्येकांना व्रण जठरांत निघाला. पुष्कळांना कोठेंच निघाला नाहीं. आणि ड्युओडेनमच्या कित्येक रोग्यांना जेवणानंतर त्रास होत असे. म्हणजे ताल खरा, पण तो समूहाचा. एका माणसाच्या बाबतींत त्यावर पैज लावतां येत नाहीं. जठरांतला व्रण कधीं कधीं कर्करोगाचेंच रूप असतो, म्हणून त्याचा तुकडा काढून तपासतात. घड्याळावर भिस्त ठेवून ती तपासणी टाळणें धोक्याचें.

दोन जागांचे व्रण मुळांत वेगळे कां, याचा मोठा धागा पर्थच्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना सांपडला. १९८२ सालीं ईस्टरच्या सुट्टींत प्रयोगशाळेंत नेहमींपेक्षां जास्त दिवस राहिलेल्या बशींत जठरांतला एक वक्र जंतु वाढला. त्याचें आजचें नांव हेलिकोबॅक्टर पायलोरी. हा जंतु जठराच्या खालच्या टोकाशींच ठाण मांडून राहिला तर आम्लाचा स्राव वाढतो व व्रण दाराबाहेर होतो. तो सर्वत्र पसरला तर आम्ल गाळणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर दुबळें होतें आणि थोड्याशा आम्लानेंही जठरांतच व्रण पडतो. या शोधाला २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां श्वासाची अथवा विष्ठेची चांचणी करून जंतु ओळखतात आणि जंतुनाशकें व आम्ल कमी करणारें औषध बहुधा चौदा दिवस देतात. पूर्वीं वर्षानुवर्षें उलटणारा व्रण यानें बहुतेकांचा कायमचा बरा होतो.

व्रणाचें दुसरें मोठें कारण सांधेदुखीवरच्या गोळ्या आणि ॲस्पिरिन. यांच्यापासून होणाऱ्या व्रणांत, विशेषतः वृद्धांत, कळ पुष्कळदां येतच नाहीं. तो माणूस नीट जेवतो, नीट झोंपतो, आणि एके दिवशीं डांबरासारखा काळा, चिकट शौच होतो किंवा जिना चढतांना त्याला घेरी येते. अशा रोग्याला जेवणाची वेळ विचारण्यांत अर्थ नसतो. गोळ्यांची डबी पाहावी लागते.