शीतगृह आणि उंच रॅकच्या गोदामांतील आगीचे धोके

शीतगृहे व उंच रॅक असलेली गोदामे यांतील आग सर्वसाधारण इमारतीतील आगीपेक्षा वेगळ्या रीतीने पसरते. साठ्याची उंची, मालाच्या ओळींमधील अरुंद पोकळ्या आणि उष्णतारोधक भिंतींमध्ये दडलेला फोम ही त्याची मुख्य कारणे होत. या तिन्हींचा परिणाम एकच असतो: पाणी उपलब्ध असूनही ते आगीपर्यंत पोहोचत नाही. शीतगृहात पाणी गोठण्याचाही प्रश्न असल्याने ही अडचण अधिक बिकट होते.

== रॅकमधील आगीचे स्वरूप ==

रॅक म्हणजे पोलादी खांब व आडव्या तुळया यांची बहुमजली मांडणी होय. तिच्यावर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पॅलेटवर रचलेला माल ठेवला जातो. शेजारच्या दोन पॅलेटमध्ये तसेच पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅकमध्ये साधारणतः १५ सेंमी उभी पोकळी सोडतात. तळाच्या खोक्याने पेट घेतला की ही पोकळी धुराड्याचे काम करते. तापलेली हवा वर ओढली जाते, दोन्ही बाजूंचा पुठ्ठा एकमेकांना तापवतो आणि ज्वाळा अल्पावधीत सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत पोहोचतात.

पोकळीमुळे आग वाढते म्हणून ती बुजवावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते अधिक घातक ठरते. छतावरील स्प्रिंकलरचे पाणी खाली उतरण्याचा मार्गही हीच पोकळी असते. जागा वाचवण्यासाठी तेथे माल कोंबल्यास ज्वाळा रॅकच्या दर्शनी बाजूने, मार्गिकेच्या अंगाने वर चढतात आणि पाणी वरच्या थरावरून ओघळून जाते. रॅकवर फळ्या किंवा प्लायवुडचे सलग तक्ते टाकले असता हाच परिणाम होतो.

रॅकचे खांब पातळ पोलादी पत्र्याचे असतात. सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सियस तापमानाला पोलादाची ताकद जवळपास निम्म्यावर येते. भरलेला रॅक त्यामुळे लवकर कोसळतो आणि कोसळलेल्या ढिगाखाली आग दीर्घकाळ धुमसत राहते.

== रचाईची उंची ==

स्प्रिंकलर यंत्रणेची आखणी ठरावीक मालासाठी व ठरावीक उंचीसाठी केलेली असते. डबाबंद पदार्थांसाठी पुरेशी ठरणारी यंत्रणा त्याच रॅकवर प्लास्टिकचे क्रेट ठेवल्यास अपुरी पडते. यंत्रणा बदललेली नसते, फक्त माल बदललेला असतो. म्हणून ही त्रुटी तपासणीत सहसा नजरेतून सुटते. साठ्याचा माथा आणि छतावरील स्प्रिंकलर यांमध्ये साध्या प्रकारात किमान ४५ सेंमी, तर मोठ्या थेंबांच्या शीघ्र-दमन प्रकारात किमान ९० सेंमी मोकळी जागा लागते; अन्यथा फवारा पसरण्यापूर्वीच मालावर आदळतो. रिकाम्या लाकडी पॅलेटची चळत हा दुर्लक्षित धोका आहे. कोरडे लाकूड व खेळती हवा एकत्र आल्याने ती भरलेल्या पॅलेटपेक्षाही वेगाने जळते. इमारतीच्या आत अशी चळत सुमारे १.८ मीटरपेक्षा उंच नसावी, असा अमेरिकी मानकांचा दंडक आहे.

== रॅकअंतर्गत स्प्रिंकलर ==

उंची वाढत जाते तसतसा छतावरून पडणारा पाण्याचा थेंब वर उसळणाऱ्या उष्ण झोतात उडून जाण्याची किंवा वाफ होण्याची शक्यता वाढते. शीघ्र-दमन स्प्रिंकलर साधारणपणे १२ मीटर उंचीच्या साठ्यापर्यंत केवळ छतावरून काम भागवू शकतात. त्यापुढे, तसेच सलग फळ्यांच्या रॅकमध्ये, स्प्रिंकलर रॅकच्या आतच बसवतात. ते मधल्या पोकळीत टप्प्याटप्प्याने असल्याने आग लहान असतानाच तिच्यापाशी उघडतात.

वरचा स्प्रिंकलर आधी उघडला तर त्याचे पाणी खालच्यावर पडून तो थंड राहतो व उघडतच नाही. हे टाळण्यासाठी खालच्या प्रत्येकावर धातूची छोटी तबकडी लावतात. फोर्कलिफ्टचे काटे लागून स्प्रिंकलर तुटणे ही नित्याची अडचण असून, त्याच भीतीने अनेक गोदामचालक ही यंत्रणा टाळतात. स्प्रिंकलर तुळईच्या आडोशाला बसवणे आणि त्याला जाळीचे संरक्षण देणे हे त्यावरील उपाय होत.

== शीतगृहातील अडचण ==

उणे १८ अंश किंवा त्याहून थंड दालनात पाण्याने भरलेली नळी गोठून फुटेल. म्हणून तेथे नळीत दाबाखाली हवा किंवा नायट्रोजन भरतात. स्प्रिंकलर उघडला की दाब घटतो, दालनाबाहेरील झडप उघडते आणि पाणी आत धावते. या प्रवासात वेळ जातो व तेवढ्यात आग वाढते. शिवाय स्प्रिंकलर उघडण्यास साधारण ७० अंश तापमान लागते. उणे २० अंशांवरून तिथवर तापण्यास त्याला जास्त वेळ लागतो. नळी चुकून तुटून पाणी आत येऊ नये म्हणून काही ठिकाणी दुहेरी अट ठेवतात: स्प्रिंकलर उघडला पाहिजे आणि स्वतंत्र अग्निशोधकानेही इशारा दिला पाहिजे.

याहून फसवा दोष म्हणजे नळीतील बर्फाचे बूच. दाबयंत्रातून आलेल्या हवेतील बाष्प नळी थंड दालनात शिरते त्या जागी गोठते. महिनोन्महिने थर साचत जाऊन नळी बंद होते, मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. त्यासाठी हवा कोरडी करून भरतात आणि प्रवेशाजवळ नळीचा एक तुकडा सहज काढता येईल असा ठेवतात. हवा पुरवणाऱ्या दोन समांतर नळ्यांच्या दाबमापकांत फरक दिसू लागला, तर आत बर्फ धरल्याची शंका घ्यावी.

== उष्णतारोधक पॅनेल ==

आधुनिक शीतगृहाच्या भिंती व छत दोन पातळ पोलादी पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनेलांचे असतात. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंशांनाच मऊ पडते व पुढे वितळते. पॉलियुरेथेन जळताना दाट विषारी धूर सोडते, पॉलिआयसोसायन्युरेटवर कोळशाचा थर धरतो, तर खनिज लोकर जळत नाही. पत्र्यामुळे बाहेरचे पाणी फोमपर्यंत पोहोचत नाही. उलट आग आतल्या आत दूरवर सरकते. वेल्डिंगची ठिणगी, पॅनेलमधून नेलेल्या विजेच्या तारा, दाराच्या चौकटीतील हिमरोधक तापतार आणि फोर्कलिफ्टने फाटलेला पत्रा ही तिच्या शिरकावाची ठिकाणे. रंग करपणे, पत्रा फुगणे आणि आगीपासून दूरच्या सांध्यातून धूर येणे ही लक्षणे दिसल्यास छताचा पत्रा निखळून पडण्याचा धोका मानून आतील माणसांना बाहेर काढतात. दक्षिण कोरियातील इचॉन येथे ७ जानेवारी २००८ रोजी बांधकाम पूर्ण होत आलेल्या शीतगृहाच्या तळघरात लागलेल्या आगीत ४० कामगार मृत्युमुखी पडले. युरेथेन फोम हा त्या दुर्घटनेतील कळीचा घटक होता.

== वूस्टर येथील आग (१९९९) ==

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरात १९०६ साली बांधलेले शीतगृह सुमारे दहा वर्षे ओसाड होते. त्यात आजच्यासारखी पॅनेले नव्हती. जाड विटांच्या भिंतींना आतून डांबर पाजलेल्या बुचाच्या सालीचे थर, त्यावर पॉलिस्टायरीन व पॉलियुरेथेन होते. खिडक्या जवळपास नव्हत्या. ३ डिसेंबर १९९९ रोजी तेथे आसरा घेतलेल्या दोघांकडून मेणबत्ती कलंडली. आग विझेना, तेव्हा ते कोणालाही न कळवता निघून गेले.

दल पोहोचले तेव्हा आत विरळ धूर होता. कोणी अडकले असेल या समजुतीने जवान शोध घेऊ लागले. उष्णता बाहेर जाण्यास वाट नसल्याने आच्छादन आतल्या आत तापत गेले आणि काही क्षणांत काळ्या धुराने मजले भरले. दोन जवान वाट चुकले. त्यांच्या शोधार्थ गेलेले चौघेही परतले नाहीत. अखेर घटनास्थळावरील अधिकाऱ्याने पुढील प्रवेश रोखला. सहाही मृतदेह हाती येण्यास आठ दिवस लागले. इमारतीत माल नव्हता, रॅकही नव्हते; जळण पुरवले ते मुख्यतः भिंतींच्या आच्छादनानेच.

== महाराष्ट्रातील स्थिती ==

भिवंडी परिसरातील गोदामे तसेच नाशिक व सांगली जिल्ह्यांतील द्राक्षे-बेदाण्याची शीतगृहे यांना 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' लागू आहे. त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते. मात्र यंत्रणा चालू असणे आणि ती सध्याच्या मालाला व उंचीला पुरेशी असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत; दुसरीसाठी मूळ आराखडा काढून प्रत्यक्ष साठ्याशी ताडून पाहावा लागतो.