दुसऱ्या पायरीवरची ओळ

चंद्रपूरच्या एका सभागृहात गोंड राजांवर व्याख्यान होतं. उशिरा पोचलो, शेवटच्या रांगेत बसलो आणि पडद्याचे फोटो काढत सुटलो. त्यातल्या एका फोटोवरून मी अभ्यासाच्या ग्रुपसाठी नोट्स केल्या : 'खांडक्या बल्लाळशाह, 1242 ते 1282. यानेच चंद्रपूर वसवलं.' पोरांनी पाठही करून टाकलं.

आठवड्यानं पहिल्या रांगेत बसलेल्या मैत्रिणीनं त्याच स्लाइडचा तिचा फोटो पाठवला. माझ्या फोटोत नसलेल्या दोन गोष्टी तिच्याकडे होत्या. वर मोठा ठिपका : 'जुनी यादी, तपासून घ्यावी.' खाली तळटीप : 'लुसी स्मिथ, 1869.'

माझ्या फोटोत वरची ओळ पंख्यामागे गेली होती. तिच्या पोटातल्या, आत सरकवलेल्या ओळी तेवढ्या उरल्या. ठिपक्यांची पायरी गेली की 'असं म्हणतात' याचं 'असं आहे' होतं. तळटीप तर दिसणारच नव्हती. फोटो 4000 पिक्सेल रुंद असला, तरी मागून पडदा त्यातला जेमतेम चौथा हिस्सा व्यापतो. दहा पॉइंटचं अक्षर मग साधारण दहा पिक्सेल उंचीचं उरतं. व्हॉट्सॅपवर फोटो आकसला की चारच. चार पिक्सेलमध्ये वेलांटी, रफार कुठे मावणार?

आता यादीकडे या. मेजर लुसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या अहवालात ती दिली. 870 ते 1751, एकोणीस राजे. भागाकार करून पाहा : 881 वर्षांत 19, म्हणजे प्रत्येकी सरासरी 46 वर्षं. एखादा राजा इतकं जगेल, राज्य करेल. पण ओळीनं एकोणीस?

दुसरी खूण आणखी पक्की आहे. यादीत बाबाजी बल्लाळशाहची कारकीर्द 1522 ला संपते. पण अकबराच्या दरबारातला अबुल फझल सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी'त चांद्याचा जमीनदार म्हणून बाबाजीचंच नाव देतो. म्हणजे यादी निदान इथे अर्ध्या शतकाहून जास्त मागे सरकलेली आहे. मग खांडक्याचं 1242 तरी कशाच्या भरवशावर धरायचं? म्हणूनच पुढच्या अभ्यासकांनी त्याला पंधराव्या शतकात आणलं.

सशानं कुत्र्याचा पाठलाग केला आणि त्या वाटेवर राजानं परकोट बांधला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती गोष्ट म्हणूनच सांगितली जाते, म्हणून फसवत नाही. 1242 मात्र आकडा असल्यामुळे खरा वाटतो.

ग्रुपवर मी दुरुस्ती टाकली : 'खांडक्या, पंधरावं शतक. 1242 ही लुसी स्मिथच्या यादीतली तारीख.' एकानं विचारलं, "दादा, पेपरात एकच पर्याय असतो, कोणता लिहू?" त्याला मी फोटो नाही, भागाकार पाठवला.

आता फोटो काढताना दोन काढतो : एक पूर्ण पडद्याचा, एक झूम करून फक्त तळाचा. आणि उठण्याआधी मोठा ठिपका हातानं वहीत लिहून घेतो.