शैक्षणिक कर्ज : हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती?

मुलांच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झाले की नोकरदार पालकांना प्राप्तिकर कायद्यातील '८०-ई' या कलमाची आठवण होते. या कलमाखाली वजावट मिळते ती हप्त्याची नव्हे, तर हप्त्यातील व्याजाची. मुद्दलाच्या परतफेडीला येथे कोणतीही सवलत नाही. हप्ता मात्र महिन्याकाठी एकच रक्कम म्हणून खात्यातून जातो आणि त्यातले व्याज किती, मुद्दल किती, याचा उलगडा बँकेच्या दाखल्याशिवाय होत नाही. त्यामुळे हा दाखला कसा मिळवायचा आणि कसा वाचायचा, हे कलमातील तरतुदीइतकेच महत्त्वाचे ठरते.

हा भेद पूर्वीपासूनचा नाही. २००५ च्या वित्त कायद्याने बदल होईपर्यंत मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाला ४० हजार रुपयांपर्यंतची वजावट मिळत असे. त्यानंतर मुद्दल वगळण्यात आले आणि व्याजावरील मर्यादा काढून टाकण्यात आली. म्हणजे आज व्याज ५० हजार असो वा तीन लाख, सगळे वजा होऊ शकते. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू होतो. त्यात ही तरतूद कलम १२९ मध्ये आहे आणि तिचा गाभा तोच आहे.

अटी मोजक्या, पण काटेकोर आहेत. कर्ज बँकेचे, सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असावे लागते. नातेवाइकांकडून वा पतसंस्थेकडून घेतलेले कर्ज यात बसत नाही. बिगर-बँक वित्त कंपनीकडून कर्ज घेतले असेल, तर ती अधिसूचित आहे का, हे तिच्याकडूनच लेखी विचारून घ्यावे. शिक्षण स्वतःचे, जोडीदाराचे, अपत्याचे किंवा ज्याचे कायदेशीर पालकत्व आपल्याकडे आहे अशा विद्यार्थ्याचे असावे. भावाच्या वा बहिणीच्या शिक्षणासाठी हप्ते भरणाऱ्याला वजावट नाही. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली निवडणाऱ्याला दाखला कितीही बिनचूक असला तरी त्याचा करासाठी उपयोग नाही.

'भरलेले' आणि 'लावलेले' व्याज

कलमातील सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे 'भरलेले'. बँक दरमहा खात्यात व्याज नावे टाकते, ते 'लावलेले' व्याज होय. कर्जदाराने त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेले व्याजच वजावटीस पात्र ठरते. हप्ते नियमित असतील, तर दोन्ही आकडे सहसा सारखेच येतात. एखादा हप्ता चुकला किंवा परतफेड अजून सुरूच झाली नसेल, तर मात्र दोहोंत मोठी तफावत पडते.

एक उदाहरण पाहू. पुण्यातील एका नोकरदार गृहस्थांनी मुलीच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आठ लाखांचे कर्ज घेतले. कर्जात मुलगी कर्जदार आणि ते सह-कर्जदार आहेत. चार लाख जुलै २०२१ मध्ये आणि चार लाख जुलै २०२२ मध्ये उचलले. आकडेमोड सोपी राहावी म्हणून व्याजदर दहा टक्के स्थिर धरू. अभ्यासक्रम जून २०२३ मध्ये संपला आणि पुढे वर्षभर परतफेडीला स्थगिती होती. या काळात बँकेने सरळव्याज लावले. पहिल्या उचलीवर तीन वर्षांचे एक लाख २० हजार आणि दुसरीवर दोन वर्षांचे ८० हजार, असे एकूण दोन लाख रुपये. ते भरले न गेल्याने मुद्दलात मिळवण्यात आले आणि जुलै २०२४ मध्ये दहा लाख रुपयांवर दहा वर्षांसाठी १३ हजार २१५ रुपयांचा हप्ता ठरला.

मार्च २०२५ अखेरपर्यंत नऊ हप्ते गेले, म्हणजे सुमारे एक लाख १९ हजार रुपये. त्यापैकी व्याज सुमारे ७३ हजार ५०० आणि मुद्दल सुमारे ४५ हजार ४०० रुपये. वर्षअखेरची बाकी सुमारे नऊ लाख ५४ हजार ६०० रुपये. वजावट ७३ हजार ५०० रुपयांचीच. हे गृहस्थ ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर उपकर धरून त्यांचा कर सुमारे २२ हजार ९०० रुपयांनी कमी होईल. समजा, मार्चचा हप्ता खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने परत गेला आणि ३ एप्रिलला भरला गेला. तर मार्चचे सुमारे आठ हजारांचे व्याज बँकेने लावले असले तरी त्या वर्षात भरलेले ठरत नाही. वजावट ६५ हजार ५०० रुपयांवर येते आणि राहिलेले व्याज पुढील वर्षाच्या हिशेबात जाते. दाखल्यात 'लावलेले व्याज' एवढाच रकाना असेल, तर ही चूक सहज नजरेआड होते.

आता ते दोन लाख. बँकेच्या दृष्टीने ते जुलै २०२४ पासून मुद्दल झाले. दहा वर्षांत हे गृहस्थ एकूण सुमारे १५ लाख ८६ हजार रुपये भरतील. हातात मिळाले होते आठ लाख, म्हणजे खरे व्याज सात लाख ८६ हजार. दरवर्षीच्या दाखल्यांतील व्याजाची बेरीज मात्र पाच लाख ८६ हजारच येईल. उरलेले दोन लाख 'मुद्दल' या नावाने परत जातील आणि दाखल्यात व्याज म्हणून न आलेली रक्कम वजावटीत मागणे अवघड जाते. म्हणूनच हप्ता ठरवून घेताना, स्थगितीच्या काळातील व्याजाचा हिशेब बँक वेगळा ठेवणार की मुद्दलात मिळवणार, हे लेखी विचारणे श्रेयस्कर.

आठ वर्षांची मुदत

हे टाळण्यासाठी शिक्षण सुरू असतानाच व्याज भरत जावे का? येथे दुसरी अट आडवी येते. व्याज भरण्यास ज्या वर्षी सुरुवात होते ते वर्ष आणि पुढची सात, अशी एकूण आठच वर्षे ही वजावट मिळते. घड्याळ सुरू होते ते पहिल्या हप्त्याने नव्हे, तर व्याजाच्या पहिल्या भरण्याने. मधल्या एखाद्या वर्षी नवी करप्रणाली निवडली, तरी ते थांबत नाही.

वरील उदाहरणात वडिलांनी २०२१-२२ पासूनच व्याज भरले असते, तर वजावट २०२८-२९ मध्ये संपली असती. वाट पाहिल्याने ती २०३१-३२ पर्यंत चालेल. वरवर पाहता थांबणेच फायद्याचे वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. थांबल्यास आठ वर्षांत सुमारे पाच लाख ४७ हजारांचे व्याज वजा होते. आधीपासून भरल्यास सुमारे पाच लाख १९ हजारांचे. म्हणजे वजावट २८ हजारांनी घटते आणि कराचा तोटा ३० टक्क्यांच्या टप्प्यातही नऊ हजारांच्या आतच राहतो. उलट, मुद्दल आठ लाखांवरच राहिल्याने बँकेला द्यायचे एकूण व्याज सुमारे एक लाख १७ हजार रुपयांनी कमी होते. करासाठी व्याज थकवत ठेवणे, हा या हिशेबात तरी आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

अडचण होते ती अर्धवट भरणा करणाऱ्यांची. शिक्षण सुरू असताना कधीतरी हजार-दोन हजार रुपये खात्यात टाकले आणि पुढे थांबले, तर आठ वर्षांची मुदत सुरू होऊ शकते, पण पहिली तीन वर्षे जवळजवळ रिकामी जातात. भरायचे तर दरमहाचे पूर्ण व्याज भरावे.

दाखला मागताना

अनेक बँकांच्या नेटबँकिंगवर कर्जखात्याच्या विभागात व्याजाचा दाखला उतरवून घेता येतो. तेथे फक्त गृहकर्जाचा पर्याय दिसत असेल, तर कर्ज ज्या शाखेत आहे तेथे लेखी अर्ज करावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्जात 'आर्थिक वर्षात भरलेले व्याज आणि भरलेले मुद्दल स्वतंत्रपणे दर्शवणारा दाखला' असे स्पष्ट शब्द असावेत. नुसता खातेउतारा पुरेसा नसतो, कारण त्यातील जमेच्या नोंदी हप्त्याच्या एकत्रित रकमेच्या असतात.

दाखल्यावर कर्जदार आणि सह-कर्जदार या दोघांचीही नावे हवीत. पुष्कळ ठिकाणी तो केवळ विद्यार्थ्याच्या नावाने निघतो आणि वजावट मागणाऱ्या वडिलांचे नाव कोठेच नसते. कर्ज स्वतः घेतलेले असणे ही कायद्याची अट असल्याने सह-कर्जदार म्हणून नाव दिसणे आवश्यक आहे. हप्ताही वजावट मागणाऱ्याच्याच खात्यातून, त्याच्या करपात्र उत्पन्नातून गेलेला असावा. मुलगी नोकरीला लागल्यावर तिने काही हप्ते भरले, तर त्यातील व्याज तिच्या विवरणात जाईल. तेच व्याज दोघांना घेता येत नाही. कर्जाचा प्रकार 'शैक्षणिक' असा नमूद असावा. वैयक्तिक कर्जातून वा सोने गहाण ठेवून फी भरली असेल, तर असा दाखला मिळण्याची शक्यता जवळपास नसते.

जानेवारी-फेब्रुवारीत कार्यालयात पुरावे द्यायचे असतात, तेव्हा बँक तात्पुरता दाखला देते. त्यात उरलेले हप्ते वेळेवर जातील, असे गृहीत धरलेले असते. विवरणपत्र भरताना मात्र ३१ मार्चनंतर निघालेला अंतिम दाखलाच प्रमाण मानावा. २०२५-२६ या करनिर्धारण वर्षापासून विवरणपत्रातच बँकेचे नाव, कर्जखाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज, वर्षअखेरची बाकी आणि व्याज असा तपशील भरावा लागतो. दाखल्यात बाकी आणि मंजुरीची तारीखही मागून घेतल्यास पुन्हा खेटे पडत नाहीत. दाखला विवरणपत्रासोबत जोडायचा नसतो, पण नोटीस आल्यास दाखवावा लागतो.

दाखला हाती आल्यावर एक साधी बेरीज करावी. वर्षारंभीच्या बाकीत वर्षातली नवी उचल आणि लावलेले व्याज मिळवून त्यातून भरलेली एकूण रक्कम वजा केली, की वर्षअखेरची बाकी यायला हवी. वरच्या उदाहरणात जुलैचे दहा लाख आणि व्याजाचे ७३ हजार ५०० यांतून एक लाख १८ हजार ९०० वजा केले की नऊ लाख ५४ हजार ६०० उरतात. ताळा जुळत नसेल, तर बहुधा दंडाची वा विम्याच्या हप्त्याची रक्कम व्याजात मिसळलेली असते. दुरुस्त दाखला मागून घ्यावा. शाखेने टाळाटाळ केल्यास बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्या वेळी अर्जाच्या प्रतीवर घेतलेली पोच जोडावी.